मोबाईल असलेली व्यक्ती गरीब असू शकते का?

प्रश्न : आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींकडे मोबाईल आहे, घरात टीव्ही आहे. मग त्यांना गरीब म्हणायचे का? आणि दारिद्र्यरेषा नेमकी काढतात कशी?

उत्तर : मोबाईल किंवा टीव्ही पाहून दारिद्र्य ठरत नाही. जगण्याच्या किमान गरजा भागवण्याइतका खर्च जे कुटुंब करू शकत नाही, ते निरपेक्ष दृष्टीने गरीब. सापेक्ष दारिद्र्यात तुलना भोवतालच्या समाजाशी असते. सर्व कुटुंबे उत्पन्नानुसार ओळीने मांडली, तर बरोबर मध्यावर येणाऱ्या कुटुंबाच्या उत्पन्नाच्या 60 टक्क्यांखाली असणाऱ्यांना युरोपीय संघात दारिद्र्याच्या छायेतले मानतात. उद्या सर्वांचेच उत्पन्न दुप्पट झाले आणि भाव तेच राहिले, तर निरपेक्ष दारिद्र्य घटेल, सापेक्ष मात्र तसूभरही हलणार नाही.

आपली दारिद्र्यरेषा निरपेक्ष आहे, आणि ती काढण्याची एक महत्त्वाची पद्धत आपल्या पुण्यातच, गोखले अर्थशास्त्र संस्थेत, वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 मध्ये मांडली. त्यांनी माणशी रोज 2250 उष्मांकांची गरज धरली. मात्र तेवढ्या धान्य-डाळीची किंमत काढून ते थांबले नाहीत, कारण शिधा शिजवायला सरपण लागते, अंगावर कपडा लागतो. म्हणून खर्चाच्या पाहणीत ज्या गटाच्या प्रत्यक्ष आहारातून एवढे उष्मांक मिळत होते, त्या गटाचा सगळा खर्च त्यांनी रेषा म्हणून घेतला. 1960-61च्या भावांनी ती रेषा खेड्यात माणशी महिना 15 रुपये आणि शहरात 22.50 रुपये आली. म्हणजे पाच जणांच्या शहरी कुटुंबाला 112.50 रुपये.

खरी अडचण पुढे येते. एकदा काढलेली अशी रेषा वर्षानुवर्षे केवळ भाववाढीच्या निर्देशांकाने वाढवली, तर गरजांचा मूळ संच गोठून राहतो. पूर्वी रानातून फुकट मिळणारे सरपण आता गॅस म्हणून विकत घ्यावे लागते. शिकवणी, दवाखाना आणि पीएमपीच्या बसभाड्याचा बोजा वेगळाच. हे खर्च टाळता येत नसल्यामुळे कात्री पोटालाच लागते. हा दोष ओळखायचा कसा, तर वाढवलेल्या रेषेवरची माणसे प्रत्यक्षात किती उष्मांक खातात ते पाहावे. पुढच्या पाहण्यांत ते मूळ प्रमाणापेक्षा बरेच कमी आढळले. अंगमेहनत घटल्याने गरजही थोडी घटली, हा युक्तिवाद मला अंशतः मान्य आहे, पण डोक्यावर घमेली वाहणाऱ्या बाईला तो लागू पडत नाही.

सुरेश तेंडुलकर समितीने 2009 मध्ये उष्मांकांचा आधार सोडला आणि शिक्षण व आरोग्यावरचा प्रत्यक्ष खर्च हिशेबात घेतला. त्या पद्धतीने 2011-12ची देशपातळीवरची शहरी रेषा माणशी महिना 1000 रुपये आली, तर 2014 च्या रंगराजन समितीने त्याच वर्षासाठी 1407 रुपये सांगितले. माझ्या मते दुसरा आकडा वास्तवाच्या अधिक जवळ आहे, तरीही पुण्यातले खोलीभाडे पाहता तोही अपुराच.

तुमच्या मावशींबाबत म्हणूनच घरातला महिन्याचा एकूण खर्च आणि खाणारी तोंडे विचारात घ्या. हप्त्यावर घेतलेला मोबाईल त्या खर्चातला फार छोटा भाग असतो, आणि काम मिळवण्यासाठी तो त्यांना लागतोच.