नव्या बॅडमिंटन कोर्टासाठी सवलतीचे दर

आपण आपल्या नव्या कोर्टावर चित्रपटगृहांच्या धर्तीवर विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक आणि पहाटे येणारे अशा तिघांनाही सरसकट निम्मा दर लावू इच्छिता, परंतु चित्रपटगृहाचा सकाळचा खेळ रिकामा जातो म्हणून तेथे स्वस्त असतो, तर कोर्ट सकाळी सहा ते आठ बहुधा भरलेलेच असते; त्या वेळी सूट देणे म्हणजे हातचे पैसे सोडणे होय.

सवलत दुपारी 11 ते 4 या रिकाम्या वेळेत ठेवावी. समजा, पूर्ण दर तासाला 400 रुपये, सवलतीचा 200 आणि दिवे-झाडलोटीचा जादा खर्च 60 आहे. नव्या खेळाडूच्या प्रत्येक तासामागे 140 रुपये उरतात. मात्र सवलतीच्या दहा तासांपैकी चार तास संध्याकाळचेच गिऱ्हाईक दुपारी सरकल्याने भरले आणि संध्याकाळची जागा रिकामी राहिली, तर नव्या खेळाडूंच्या सहा तासांच्या 840 रुपयांच्या लाभातून, सरकलेल्या चार तासांचे प्रत्येकी 200 प्रमाणे 800 वजा होऊन जेमतेम 40 उरतात. म्हणून पहिला महिनाभर वहीत नवे-जुने वेगळे नोंदवा.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका दोन:
- ओळखपत्र न पाहणे, किंवा एका विद्यार्थ्याच्या नावावर चौघांना खेळू देणे.
- आधी मूळ दर वाढवून मग सूट दाखवणे. ही लबाडी लोकांना लगेच कळते. उलट दरफलक उघड लावला, तर पूर्ण दर देणारा सहसा कुरकुरत नाही.