मोल बरोबर येतात, उत्तर मात्र चुकतं

“ग्रॅमचे मोल मला व्यवस्थित करता येतात. पण लिमिटिंग रिएजंटचं गणित आलं की दोनातलं एक उत्तर चुकतंच. आधी वाटायचं गडबडीत चुकतंय, आता वाटतं मला रसायनशास्त्र जमणारच नाही. घरचे म्हणतात, गणितच कच्चं आहे.”

अगदी हीच तक्रार घेऊन अकरावीची एक मुलगी आईबरोबर माझ्याकडे आली होती. मी तिला तिचं वहीतलं चुकलेलं गणितच दाखवायला सांगितलं. अशा वेळी मी नवं उदाहरण देत नाही. चूक नेमकी कुठे झाली, ते जुन्या पानावरच दिसतं.

गणित असं होतं: 54 ग्रॅम ॲल्युमिनियम आणि 51.2 ग्रॅम ऑक्सिजन यांच्यापासून किती ॲल्युमिनियम ऑक्साइड मिळेल? समीकरण दिलेलं होतं, 4Al + 3O₂ → 2Al₂O₃.

तिने 54 ला 27 ने भागलं, 2 मोल. 51.2 ला 32 ने भागलं, 1.6 मोल. दोन्ही अचूक. बरेच जण इथे ऑक्सिजनसाठी 16 घेतात, कारण अणूचं वस्तुमान डोक्यात पक्कं बसलेलं असतं; ऑक्सिजन वायू O₂ रेणूंचा असतो हे तिच्या लक्षात होतं. म्हणजे गणित कच्चं नव्हतं, आणि हे मी तिच्या आईसमोरच सांगितलं.

पुढच्या ओळीत तिने लिहिलं होतं: “1.6 लहान, म्हणून ऑक्सिजन लिमिटिंग.” त्यावरून उत्पादित 1.6 × 2/3, म्हणजे सुमारे 1.067 मोल. मोलर वस्तुमान 102 धरून उत्तर 108.8 ग्रॅम.

मी एवढंच विचारलं, “सुरुवातीला एकूण माल किती ग्रॅम होता?” तिने बेरीज केली, 105.2. वही पुढे ओढून तिने तीच बेरीज पुन्हा केली. जेवढं घातलं त्याहून जास्त बाहेर आलं होतं, आणि वस्तुमान असं वाढत नाही. मग तीच म्हणाली, “म्हणजे ॲल्युमिनियम मी नसलेलंच वापरलं.” बरोबर. 1.6 मोल ऑक्सिजन संपवायला 1.6 × 4/3, म्हणजे जवळपास 2.13 मोल ॲल्युमिनियम लागतं. तिच्याकडे 2 च होतं.

तुझीही गल्लत बहुधा हीच होत असेल. ग्रॅमचे मोल केल्यावर कणांची संख्या कळते, पण अभिक्रियेला दोन्ही पदार्थ सारख्या संख्येने लागतात असं नाही. इथे ॲल्युमिनियमचे 4 लागतात तेव्हा ऑक्सिजनचे 3. म्हणून मोलची नुसती तुलना फक्त सहगुणक सारखे असतील तेव्हाच चालते. अशी गणितंही पुस्तकात असतात, आणि तुझी काही उत्तरं बरोबर येतात ती बहुधा त्यामुळेच. या गणितात तर ॲल्युमिनियम ग्रॅममध्येही जास्त आणि मोलमध्येही जास्त, तरी आधी संपतं तेच.

तिला मी एकच प्रश्न विचारायची सवय लावली: एक पदार्थ पूर्ण वापरायचा तर दुसरा किती लागेल? 2 मोल ॲल्युमिनियमला 2 × 3/4 = 1.5 मोल ऑक्सिजन लागतो. हाताशी 1.6 आहे, पुरतो. म्हणजे ॲल्युमिनियम संपणार. त्यापासून 1 मोल ऑक्साइड, 102 ग्रॅम. ऑक्सिजन 0.1 मोल उरतो, 3.2 ग्रॅम. 102 आणि 3.2 मिळून 105.2. ही बेरीज जुळली तेव्हा तिने स्वतःच त्याखाली रेघ मारली.

क्लासमध्ये मोलला सहगुणकाने भागून लहान संख्या निवडायला शिकवतात. ती रीत बरोबरच आहे: 2/4 = 0.5 आणि 1.6/3 = 0.533, पुन्हा ॲल्युमिनियमच. पण तिथे एक खड्डा आहे. बरीच मुलं पुढे हा 0.5 च ॲल्युमिनियमचे मोल समजून वापरतात आणि ऑक्साइड 25.5 ग्रॅम काढतात. तो 0.5 फक्त तुलनेसाठी असतो. उत्पादित काढताना मूळ 2 मोलकडेच परत यायचं. म्हणून रीत अंगवळणी पडेपर्यंत मला “दुसरा किती लागेल” हा प्रश्नच जास्त भरवशाचा वाटतो.

बेरजेचा पडताळा मात्र पूर्ण कर. समीकरणात उत्पादित एकच असेल आणि लिमिटिंग चुकीचं धरलं असेल, तर उत्तर एकूण मालापेक्षा जास्त येतंच. दोन-तीन उत्पादितं असतील तर एकट्याचं वजन कमी दिसून चूक लपते. तिथे सगळी उत्पादितं आणि उरलेला पदार्थ मिळून बेरीज करावी लागते.

तुझ्या वहीतलं शेवटचं चुकलेलं गणित काढ आणि आधी ही बेरीज करून बघ. बेरीज जुळूनही उत्तर चुकलेलं असेल, तर ते पान घेऊन ये. मग चूक दुसरीकडे आहे आणि ती आपण ओळीओळीने शोधू.