सरासरीने नॉइज कुठपर्यंत कमी होतो आणि नंतर का अडतो

प्रश्न: रात्री गच्चीवर ट्रायपॉड लावून समोरच्या डोंगराचे २५६ रॉ फोटो काढले आणि सगळ्यांची सरासरी घेतली. पहिल्या १६ फोटोंपर्यंत दाणे भराभर कमी झाले, पुढे जवळजवळ फरकच नाही. उलट आकाशात बारीक उभ्या पट्ट्या दिसायला लागल्या. फोटो वाढवून उपयोग नसतो का?

उपयोग असतो, पण फक्त त्या नॉइजवर, जो प्रत्येक फोटोत नव्याने येतो. तुमच्या पट्ट्या प्रत्येक फोटोत जशाच्या तशा आहेत, त्यामुळे २५६ काय आणि २५६० काय, सरासरीत त्या तेवढ्याच राहणार. सरासरीने त्या तयार केलेल्या नाहीत. त्या पहिल्या फोटोतही होत्या, दाण्यांखाली झाकलेल्या होत्या. दाणे गेले आणि त्या उघड्या पडल्या.

आधी हिशोब बघू. एका पिक्सेलवर पडणारा प्रकाश तोच असला, तरी मोजलेली किंमत दर फोटोत थोडी वर-खाली होते. या वर-खाली होण्याचा व्हेरिअन्स, म्हणजे सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी, σ² धरा. फोटो एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर N फोटोंच्या बेरजेचा व्हेरिअन्स Nσ² होतो, कारण स्वतंत्र गोष्टींचे व्हेरिअन्स सरळ मिळवता येतात. सरासरीसाठी बेरजेला N ने भागलं की व्हेरिअन्सला N² ने भाग जातो, आणि उरतो σ²/N. डोळ्यांना जाणवतो तो व्हेरिअन्स नव्हे, त्याचं वर्गमूळ, म्हणजे प्रमाण विचलन. म्हणून १६ फोटोंनी दाणे चौपट कमी होतात आणि २५६ फोटोंनी सोळापट. सगळं आदर्श असतं तरी पहिली चौपट सुधारणा १६ फोटोंत मिळते आणि पुढच्या चौपटीसाठी आणखी २४० फोटो लागतात. तुम्हाला दिसलेल्या मंदपणाचा एक भाग हाच आहे. पण तेवढाच नाही, कारण चौपट फरक डोळ्यांना नक्की कळला असता.

आता त्यात कायमचा ठसा धरू. समजा आकाशाच्या एका पिक्सेलवर एका फोटोत सरासरी १०० इलेक्ट्रॉन जमतात. प्रकाश कणाकणांनी येतो, म्हणून त्या मोजणीचा व्हेरिअन्सही १००च असतो. सेन्सर वाचताना होणारा नॉइज ३ इलेक्ट्रॉन धरला तर त्याचा व्हेरिअन्स ९. झाले १०९, आणि हा भाग दर फोटोत नवा असतो. याशिवाय सेन्सरचा स्वतःचा ठसा असतो: काही स्तंभ जरा उजळ वाचले जातात, काही पिक्सेल इतरांपेक्षा एखादा टक्का जास्त संवेदनशील असतात. याचा व्हेरिअन्स ४ धरू, त्यातले ३ स्तंभांच्या फरकाचे आणि १ संवेदनशीलतेचा. मग सरासरीचा एकूण व्हेरिअन्स १०९/N + ४.

एका फोटोत ११३, म्हणजे प्रमाण विचलन १०.६. इथे त्या ४ ला कोण विचारतो! १६ फोटोंवर १०.८, म्हणजे ३.३. ६४ वर २.४ आणि २५६ वर २.१. ठसा नसता तर २५६ फोटोंवर ०.६५ मिळालं असतं. १६ नंतरचे २४० फोटो ३.३ वरून २.१ पर्यंतच नेतात, आणि अनंत फोटो काढले तरी २ च्या खाली जाता येत नाही. शिवाय उरलेलं जे आहे ते सुटे दाणे नसून सरळ रेषा आहेत, आणि रेषा आपला डोळा फार चटकन पकडतो. म्हणून आकडा कमी होऊनही फोटो बिघडल्यासारखा वाटतो.

तुमच्या कॅमेऱ्यात हे किती आहे ते अंदाजाने ठरवू नका, मोजा. मला सगळ्यात भरवशाची वाटते ती पद्धत अशी: विषम क्रमांकाचे फोटो एका गटात, सम क्रमांकाचे दुसऱ्या गटात. दोन्हींची वेगळी सरासरी घ्या आणि एकातून दुसरी वजा करा. ठसा दोन्हींत सारखाच असल्यामुळे वजाबाकीत उडून जातो, डोंगरही उडून जातो, आणि फक्त बदलता नॉइज उरतो. त्या फरकाच्या प्रमाण विचलनाला २ ने भागलं की पूर्ण सरासरीतला बदलता नॉइज मिळतो.

```python
import glob, numpy as np, rawpy

def mean(files):
    total = 0.0
    for f in files:
        with rawpy.imread(f) as r:
            total = total + r.raw_image_visible.astype(np.float64)
    return total / len(files)

files = sorted(glob.glob("raw/*.NEF"))
a, b = mean(files[0::2]), mean(files[1::2])
y, x = 400, 1500
pa = a[y:y+200:2, x:x+200:2]
pb = b[y:y+200:2, x:x+200:2]
print(((pa + pb) / 2).std(), (pa - pb).std() / 2)
```

एकाआड एक पिक्सेल घेतले आहेत ते एकाच रंगाचे पिक्सेल हाती यावेत म्हणून. `y` आणि `x` असे निवडा की तुकडा स्वच्छ आकाशाचा येईल. तिथे तारा किंवा ढगाची कड असेल तर पहिला आकडा विनाकारण फुगेल. `float64` मात्र काढू नका: आठ बिटांच्या प्रतिमा तशाच मिळवल्या तर बेरीज २५५ च्या पुढे गेली की परत शून्यापासून सुरू होते आणि चित्रविचित्र डाग येतात.

छापलेले दोन आकडे जवळपास सारखे असतील तर अजून फोटो काढायला वाव आहे. पहिला दुसऱ्याच्या दुप्पट-तिप्पट असेल तर नॉइजची बाजू संपली आणि ठशाची लागली, तिथे फोटो वाढवणं थांबवा. वरच्या उदाहरणात पहिला २.१ आला असता आणि दुसरा ०.६५. (प्रत्यक्षात आकडे इलेक्ट्रॉनमध्ये नाही तर रॉ फाइलच्या एककात येतील, पण आपल्याला त्यांचं गुणोत्तरच हवं आहे.)

ठसा घालवायचे दोन रस्ते आहेत. पहिला डार्क फ्रेमचा. लेन्सवर झाकण लावून, तोच आयएसओ आणि तेवढंच एक्स्पोजर ठेवून फोटो काढायचे, त्यांची सरासरी घ्यायची आणि ती मूळ सरासरीतून वजा करायची. हे फोटो शूटिंग संपल्यासंपल्या काढा, दुसऱ्या दिवशी नाही, कारण सेन्सर साधारण ६ ते ८ अंशांनी तापला की अंधारातला त्याचा प्रवाह दुप्पट होतो. इथे बरेच जण कंजूषपणा करतात. १६ डार्क घेतले तर त्यांच्या सरासरीत वाचनाचा व्हेरिअन्स ९/१६, म्हणजे ०.५६ उरतो. तो तुमच्या प्रतिमेत नवा ठसा म्हणून येऊन बसतो, आणि २५६ फोटोंतून उरलेल्या ०.४३ पेक्षा तो मोठा आहे! ६४ डार्क घेतले तर ०.१४ उरतो, तो चालतो. डार्कने स्तंभांचे ३ जातात, संवेदनशीलतेचा १ राहतो. म्हणजे एकूण ०.४३ + ०.१४ + १, प्रमाण विचलन १.२५. तो १ घालवायला एकसारख्या उजेडाचे फ्लॅट फोटो काढून भागाकार करावा लागतो.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो, कारण तो दोन्ही ठशांवर एकदम चालतो: दर काही फोटोंनंतर कॅमेरा किंचित हलवा आणि नंतर फोटो एकमेकांवर जुळवा. डोंगर डोंगरावर बसतो, पण ठसा दर वेळी डोंगराच्या वेगळ्या भागावर पडतो. म्हणजे जो नॉइज कायमचा होता तो दृश्याच्या दृष्टीने बदलता झाला आणि सरासरीच्या तावडीत आला. अशा १६ वेगवेगळ्या जागा घेतल्या तर ४ चे ०.२५ होतात, आणि एकूण ०.४३ + ०.२५, म्हणजे प्रमाण विचलन ०.८२. डार्क न घेता! हबल दुर्बिणीने डिसेंबर १९९५ मध्ये सप्तर्षीतल्या एका चिमुकल्या तुकड्याचे १० दिवसांत ३४२ फोटो घेतले, तेव्हाही दुर्बिणीचा रोख मधूनमधून असाच थोडा सरकवला होता.

तुमच्या बाबतीत हलवण्याची दिशा महत्त्वाची. पट्ट्या उभ्या आहेत, तेव्हा कॅमेरा नुसता वर-खाली हलवून काहीच होणार नाही, कारण पट्टी पट्टीवरच बसेल. डावीकडे-उजवीकडे हलवा, पट्टीच्या रुंदीपेक्षा जास्त, निदान दहा-वीस पिक्सेल, आणि क्रम अनियमित ठेवा. एकाच दिशेने सारखं सरकत गेलात तर ठसा पुसला न जाता तिरक्या ओघळांसारखा ओढला जातो. आकाशछायाचित्रण करणाऱ्यांना हे ओघळ चांगले माहीत असतात.

जुळवताना एक फसगत होते. सॉफ्टवेअर पिक्सेलच्या अंशाने प्रतिमा सरकवतं तेव्हा शेजारच्या पिक्सेलांची सरासरी घेऊन नवी किंमत बनवतं. त्यामुळे नॉइज थोडा पुसट होतो, प्रमाण विचलन एकदम कमी दिसतं, आणि वाटतं की सरासरीने कमाल केली. प्रत्यक्षात शेजारी पिक्सेल एकमेकांशी बांधले गेलेले असतात आणि त्याबरोबर बारीक तपशीलही गेलेला असतो. म्हणून मोजमापासाठी तरी पूर्ण पिक्सेलनेच सरकवा, तेही २, ४, ६ अशा सम संख्येने, म्हणजे रॉमधला रंगांचा क्रम मोडत नाही.

तुम्ही रॉ घेतलेत हे उत्तम केलंत. जेपीईजीत कॅमेरा आधीच दाणे पुसतो आणि त्या भरात डोंगराची पोतही पुसतो. ती पुसलेली पोत २५६ फोटोंतून परत येत नाही. अगदी काळ्या भागात आणखी एक घोळ होतो. नॉइजमुळे शून्याखाली जाणाऱ्या किमती शून्यावरच कापल्या जातात, वर जाणाऱ्या मात्र राहतात. मग सरासरी खऱ्या किमतीपेक्षा वर सरकते आणि सावल्या राखाडी पडतात. ही चूक N वाढवल्याने तसूभरही कमी होत नाही. म्हणून सरासरी घेईपर्यंत रॉमधली काळ्याची पातळी वजा करू नका, आणि नंतर वजा केल्यावर ऋण किमती आल्या तर त्या राहू द्या.

विमान किंवा उपग्रह आडवा गेला असेल तर सरासरीत त्याची फिकट रेघ राहते. त्यासाठी काही जण सरसकट मध्यक वापरतात. मी वापरत नाही. नेहमीच्या नॉइजसाठी मध्यकाचा व्हेरिअन्स सरासरीच्या सुमारे १.५७ पट असतो, म्हणजे तुमच्या २५६ फोटोंचं काम १६३ फोटोंइतकंच होईल. त्यापेक्षा प्रत्येक पिक्सेलवर आधी मध्यक आणि प्रमाण विचलन काढा, मध्यकापासून ३σ पेक्षा लांब असलेल्या किमती वगळा आणि उरलेल्यांची सरासरी घ्या. रेघ जाते, आणि फोटो जवळजवळ एकही वाया जात नाही.