घसारा एसएलएमने म्हणजे दरवर्षी सारखा धरा, नाहीतर डब्ल्यूडीव्हीने म्हणजे उरलेल्या किमतीवर धरा, शेवटी तेवढाच जातो ना? मग नफ्यात फरक कसा काय पडतो?

एकूण नफा तेवढाच राहतो, फक्त तो कुठल्या वर्षात दिसतो ते बदलतं. आमच्याकडे एका फ्लेक्स प्रिंटिंगवाल्याचे हिशोब होते, त्याचंच उदाहरण देतो, आकडे जरा सोपे करून.

मशीन 8 लाखाचं, 4 वर्षं चालणार, शेवटी भंगारात 50 हजार येणार. एसएलएमने 50 हजार आधीच वजा करायचे आणि उरलेले साडेसात लाख चार वर्षांत सारखे वाटायचे, म्हणजे दरवर्षी 1,87,500. डब्ल्यूडीव्हीने दर 50% धरू, तो दरवर्षी उरलेल्या किमतीवर लावायचा, म्हणून घसारा 4 लाख, 2 लाख, 1 लाख, 50 हजार असा उतरत जातो. इथे भंगार आधी वजा करायचं नाही हां, परीक्षेत निम्मी पोरं इथेच गचकतात. भंगाराची किंमत त्या दरातच धरलेली असते, चार वर्षांनी आपोआप 50 हजारच उरतात बघा.

आता घसाऱ्याआधी दरवर्षी 5 लाख सुटतात असं समज. एसएलएमने चारही वर्षं नफा 3,12,500. डब्ल्यूडीव्हीने 1 लाख, 3 लाख, 4 लाख, साडेचार लाख. बेरीज दोन्हीकडे साडेबारा लाखच! आणि धंदा जागच्या जागी असला तरी डब्ल्यूडीव्हीत नफा दरवर्षी वाढतोय असं वाटतं, ते बघून लोक उगाच खूश होतात. (प्रत्यक्षात मशीन जुनं झालं की दुरुस्ती वाढते, त्यामुळे तो चढ थोडा कमी होतो, म्हणून मला अशा मशीनला डब्ल्यूडीव्हीच बरी वाटते.)

मधेच विकलं तरी तेच. दोन वर्षांनी अडीच लाखाला गेलं तर एसएलएमच्या पुस्तकात किंमत सव्वाचार लाख, म्हणजे पावणेदोन लाख तोटा, आणि डब्ल्यूडीव्हीत किंमत 2 लाख म्हणून 50 हजार नफा. दोन वर्षांची बेरीज मार, दोन्हीकडे साडेचार लाखच येणार.

टॅक्सचं म्हणशील तर तिथे आपली निवड चालत नाही, साध्या मशिनरीला इन्कम टॅक्सचा घसारा 15% डब्ल्यूडीव्हीनेच, पुस्तकात काहीही घे.

खरा त्रास झाला तो त्या फ्लेक्सवाल्याच्या पार्टनरला. निम्म्या वाट्याचा माणूस, पहिल्या वर्षानंतर बाहेर पडला. पुस्तकं डब्ल्यूडीव्हीने, म्हणून त्या वर्षाच्या नफ्यात त्याचे 50 हजार आले, एसएलएमने 1,56,250 आले असते. मशीनची बाजारातली किंमत काढून घेतली असती तर फरक बराचसा भरून निघाला असता, पण ह्यांनी पुस्तकातल्या किमतीवरच सह्या केल्या.