चाळीस पानांचा दर काढताना

सत्यनारायणाच्या जेवणाचं पहिलं काम घेतलंस ना? मग दर सांगण्याआधी खर्चाचे दोन भाग कर. समज, सामान पानामागे १४० रुपये पडतं. दोन मदतनिसांचे १६०० आणि गॅस-रिक्षाचे ८०० मात्र माणसं किती आली यावर ठरत नाहीत. चाळीस पानांना एकूण ८००० होतात. २५० चा दर लावलास, तर हातात २००० राहतात. तीसच जण आले, सामानही तीसांचंच आणलंस आणि तू तीसांचेच पैसे घेतलेस, तर उरतात ९००. म्हणून आकडा दोन दिवस आधी पक्का करून घे आणि त्याखाली पैसे कमी होणार नाहीत, हे तेव्हाच सांग. यजमान ‘दोन-चार इकडेतिकडे’ म्हणतात, ते बहुधा तिकडेच जातात.

पुऱ्या असल्या तर चाळीसांना साडेतीन किलो तांदूळ पुरतो, पण सगळा एकदम शिजवू नकोस. अडीच किलो आधी, बाकीचा धुऊन निथळून ठेव. पहिली पंगत बसली की पातेल्याकडे बघून ठरव.

खरी काळजी नारळाची. तोंडाक, मणगणं, सोलकढी, सगळ्यांत तोच, आणि आपल्या दमट हवेत रस लवकर आंबतो. एका मदतनिसाला सकाळी फक्त खोवायला बसव. सोलकढीचा रस शेवटी काढ.

उरलेलं यजमानांचं, डबे त्यांचेच. शेवटची पंगत उठताच भात पसरट भांड्यात काढून दे. संध्याकाळपर्यंत पातेल्यात राहिलेला देऊ नकोस.