‘अ फ्रेंड ऑफ माइन’ चूक नव्हतं

प्रश्न: इंग्रजीत माय कुठे आणि माइन कुठे? युअर आणि युअर्सचंही तेच. बोलताना माझा नेहमी गोंधळ होतो. लक्षात राहील असा एखादा नियम आहे का?

पुढे नाम येत असेल तर माय, युअर. नाम गाळलं असेल तर माइन, युअर्स. ‘धिस इज माय बुक’, पण ‘धिस बुक इज माइन’. गोंधळ होतो तो मराठीमुळे. आपण ‘माझं पुस्तक’ म्हणतो आणि ‘हे पुस्तक माझं आहे’ असंही म्हणतो. दोन्हीकडे शब्द तोच, म्हणून तोंडातून ‘धिस बुक इज माय’ निघून जातं. शिवाय आपला शब्द नामाप्रमाणे बदलतो: माझा, माझी, माझं, माझे. त्या सवयीने काहीजण अनेक वस्तू दिसल्या की ‘माइन्स’ म्हणतात. वस्तू एक असो की दहा, इंग्रजीत माइनच.

एवढं कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकात मिळेल. मी लिहायला बसलो ते याच दोन शब्दांवरून शाळेत झालेल्या एका गोष्टीमुळे.

नववीत मी निबंधात लिहिलं होतं, ‘अ फ्रेंड ऑफ माइन’. वाचनात आलेलं होतं, आवडलं होतं, म्हणून मुद्दाम वापरलं. सरांनी ‘माइन’वर लाल काट मारून वर इंग्रजीतला ‘मी’ लिहिला आणि मला वर्गासमोर उभं केलं. म्हणाले, “ऑफ म्हणजे ‘चा’. माइन म्हणजे ‘माझा’. मग ऑफ माइन म्हणजे ‘माझ्याचा’. माझ्याचा मित्र असं कोणी म्हणतं का?” वर्ग हसला. मला उत्तर सुचलं नाही, कारण त्यांचं म्हणणं मराठीतून ऐकलं तर बिनतोड वाटत होतं. घरी वडिलांनीही सरांचीच बाजू घेतली. तेव्हापासून मी कित्येक वर्षं ‘अ फ्रेंड ऑफ मी’ असं लिहीत राहिलो.

मग पक्ष्यांचे फोटो काढायला लागलो. एका अंकासाठी खंड्याचा फोटो पाठवला आणि पत्रात लिहिलं, ‘धिस इज अ फोटो ऑफ मी’. मला म्हणायचं होतं, हा माझा एक फोटो, मी काढलेला. संपादकांचं उत्तर आलं की फोटोत फक्त पक्षी दिसतो आहे, आपण दिसत नाही, चुकून दुसरा फोटो जोडला गेला का? त्यांचं काही चुकलं नव्हतं. ‘अ फोटो ऑफ मी’ म्हणजे ज्यात मी आहे तो फोटो. माझ्या मालकीचा किंवा मी काढलेला फोटो असेल तर ‘अ फोटो ऑफ माइन’. मराठीत ‘माझा फोटो’ म्हटलं की दोन्ही अर्थ निघतात, आणि त्यातला कोणता ते ऐकणाऱ्याने ओळखायचं. इंग्रजीत हे काम ‘मी’ आणि ‘माइन’ हे दोन शब्द वाटून घेतात. हे कळलं त्या दिवशी सरांचा ‘माझ्याचा’ मुद्दा कुठे फसतो तेही कळलं.

माइन या शब्दाच्या पोटात गाळलेलं नाम असतं. ‘अ फ्रेंड ऑफ माइन’ उलगडलं तर ‘माझे जे मित्र आहेत त्यांतला एक’ असं काहीसं होतं. ‘माझ्याचा’ नव्हे, ‘माझ्यांपैकी एक’ असं ते मराठीत ऐकायला हवं. उलगडा अगदी काटेकोर नाही, कारण एकुलता एक मित्र असला तरी हे वाक्य चालतं, पण कान तयार व्हायला पुरतो.

आता ही रचना इंग्रजीला लागतेच कशाला? इथेच माझा वहीतल्या व्याख्यांवर राग आहे. माय, युअर यांना विशेषण म्हणून शिकवतात. मराठीतला ‘माझा’ खरोखर विशेषणासारखा वागतो. ‘माझा एक मित्र’, ‘माझा हा मित्र’, ‘एक माझा मित्र’, कसाही बसतो. इटालियनमध्येही तसंच आहे. तिथे ‘उन मिओ अमीको’ म्हणजे सरळ ‘एक माझा मित्र’. इंग्रजीतला माय मात्र नामाच्या आधीची जी जागा अ, द, धिस, दॅट घेतात तीच अडवून बसतो. त्या जागेवर एका वेळी एकच जण. म्हणून ‘अ माय फ्रेंड’ नाही, ‘धिस माय फ्रेंड’ नाही. ‘एक’ही सांगायचं आणि ‘माझा’ही सांगायचं, तर ‘अ’ पुढे बसतो आणि माय मागे जाऊन ‘ऑफ माइन’ होतो. ‘तुझी ती सवय’ म्हणजे ‘दॅट हॅबिट ऑफ युअर्स’.

हे माहीत नसल्याने आपली सर्वांत ठळक चूक होते: ‘माय वन फ्रेंड’. आपण ‘माझा एक मित्र’ शब्दाला शब्द ठेवून सांगतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं याला जगात एकच मित्र आहे. तसंच ‘माझे दोन मित्र आले’. ‘माय टू फ्रेंड्स केम’ म्हटलं तर मित्र एकूण दोनच, असं ऐकू येतं. ‘टू फ्रेंड्स ऑफ माइन’ म्हटलं की अनेकांपैकी दोन. ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’ही बरोबर आहे, पण शेवटचा अनेकवचनी एस खाऊ नका, तिथे ‘वन ऑफ माय फ्रेंड’ सर्रास ऐकू येतं.

व्यक्तीचं नाव किंवा नातं आलं की इंग्रजी थोडी सैल होते. वडिलांचा मित्र ‘अ फ्रेंड ऑफ माय फादर’ही चालतो आणि ‘माय फादर्स’ असा एस जोडूनही. सर्वनामाला ही सूट नाही. आणि ‘दॅट फ्रेंड ऑफ युअर्स’ जपून वापरा, स्वर जरा चढला तर ‘तो तुझा मित्र’ असा नापसंतीचा अर्थ लागतो.

लिहिताना युअर्स, हर्स, अवर्स, देअर्स यांत एसच्या आधी अपॉस्ट्रॉफी नाही. अठराव्या शतकातल्या छापील इंग्रजीत ती सापडते, आज ती चूकच धरतात. हिज दोन्हीकडे हिजच राहतो, म्हणून तिथे कोणी चुकत नाही. गंमत म्हणजे माय हा मूळचा माइनच. व्यंजनाआधी त्याचा न गळत गेला, जसा ‘अॅन’चा ‘अ’ होतो. म्हणून जुन्या इंग्रजीत स्वराने सुरू होणाऱ्या नामाआधी ‘माइन आइज’ असं दिसतं. ते वाचून आज ‘माइन बुक’ लिहू नका.

एक गोष्ट सरांच्या बाजूने सांगायला हवी. ‘ऑफ मी’ सगळीकडे चुकीचं नाही. फोटो, चित्र, पुतळा, आठवण, जिथे मी स्वतः त्या गोष्टीचा विषय असतो तिथे ‘ऑफ मी’च हवं, आणि तिथे ‘ऑफ माइन’ घातलं तर अर्थ बदलेल. पण त्यांनी काट मारली त्या वाक्यात मित्र होता, मित्राने काढलेलं माझं चित्र नव्हतं.