ग्रुपवरचा जल्लोष सूचनाफलकावर आणताना

प्रश्न: सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरी चांगली बातमी कॅपिटल अक्षरांत, दहा-दहा उद्गारचिन्हं देऊन टाकतात. तीच फलकावर लिहायला घेतली की कोरडी होते. कशी लिहावी?

आमच्या सोसायटीच्या सूचना मी लिहिते. मागे ग्रुपवर सगळा रोमन कॅपिटलमध्ये असा मेसेज आला होता: ‘झालंंंं!!!!! कन्व्हेयन्स आलं!!! जमीन आपली!!!! काकांना सलाम!!!!!’

मी आधी सेक्रेटरींना फोन करून विचारलं, हातात नेमका कोणता कागद आलाय? जिल्हा उपनिबंधकांचा मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरने करून न दिलेली जमीन संस्थेच्या नावे करण्याचा, आदेश आणि प्रमाणपत्र आलं होतं. मुद्रांक शुल्क, दस्ताची नोंदणी आणि मिळकत पत्रिकेवर संस्थेचं नाव लागणं हे सगळं बाकी होतं. म्हणजे ‘जमीन आपली’ हे वाक्य बरंच पुढे पळालं होतं. तसंच फलकावर गेलं असतं, तर नोंदणीच्या खर्चाची वर्गणी मागताना ‘झालंय ना आता, मग पैसे कशाला?’ असं पहिल्याच दारात ऐकावं लागलं असतं.

शेवटी लिहिलं ते असं:

‘कळविण्यास आनंद होतो की, मानीव अभिहस्तांतरणासाठी आपण केलेला अर्ज मंजूर झाला असून जिल्हा उपनिबंधकांचा आदेश काल संस्थेला मिळाला. यापुढे दस्ताची नोंदणी आणि मिळकत पत्रिकेवर संस्थेच्या नावाची नोंद व्हायची आहे. जुने करारनामे जमवण्यासाठी घरोघरी फिरलेल्या आणि प्रत्येक सुनावणीला हजर राहिलेल्या आपल्या खजिनदारांचे समिती मनापासून आभार मानते.’

देवनागरीत कॅपिटल अक्षरं नसतात. त्यामुळे ओरडायचं तर लोक रोमनकडे वळतात किंवा शेवटचं अक्षर ताणतात. फलकावर दोन्ही चालत नाही, म्हणून जोर क्रियापदावर येतो: ‘मंजूर झाला’, ‘मिळाला’, ‘व्हायची आहे’. काय झालं आणि काय राहिलं, हे त्यांतूनच कळतं. ‘सलाम’च्या पाच उद्गारचिन्हांमागे खजिनदारकाकांचं करारनाम्यांसाठी फिरणं होतं, ते लिहिल्यावर चिन्हांची गरज उरली नाही. स्वतः काकांना हे वाक्य सलामापेक्षा जास्त आवडलं.

कोरडेपणा बहुतेक वेळा पहिल्याच ओळीतून येतो. ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की’ म्हटलं की वाचणाऱ्याला टाकी साफ करायची आहे, पाणी बंद राहणार असंच वाटतं. ‘आनंद होतो’ हे एकदाच आणि सुरुवातीलाच येऊ द्या. पुढे ‘ऐतिहासिक’, ‘अभूतपूर्व’ घातलंत तर तो कॅपिटल अक्षरांचाच आवाज झाला.

लावण्याआधी मी सूचना ग्रुपवर नसलेल्या शेजारच्या आजींना वाचून दाखवते आणि ‘काय कळलं?’ एवढंच विचारते. त्या दिवशी त्या म्हणाल्या, ‘हुकूम आला, पण कागदावर नाव लागायचंय.’ मग मी ती लावली. मिळकत पत्रिका हातात येईल तेव्हा दुसरी सूचना लिहीन, आणि तिचं पहिलं वाक्य असेल: ‘जमीन संस्थेच्या नावे झाली.’